हमी न देता कॅप्शन कसं लिहायचं : जर्मनीतल्या मास्टर्सचं उदाहरण

प्रश्न : नाशिकमध्ये माझी परदेशी शिक्षणाची छोटी कन्सल्टन्सी आहे. जास्त मुलं इंजिनिअरिंग करून जर्मनीत मास्टर्सला जाणारी. इन्स्टाग्राम आणि फेसबुकसाठी एक कॅप्शन हवं आहे. अॅडमिशनची किंवा व्हिसाची हमी द्यायची नाही. पण सगळे "१००% व्हिसा" लिहीत असताना आपण "हमी नाही" लिहिलं तर मुलं येतील का? सेवा खऱ्या खऱ्या कशा मांडायच्या?

उत्तर :

येतील, पण हमीची जागा रिकामी सोडू नका. निकालाची हमी काढलीत की तिथे स्वतःच्या कामाची हमी घाला, आणि ती आकड्यांत घाला. किती अर्ज, किती दिवसांत तपासणी, फी किती, कोणते पैसे परत मिळतात आणि कोणते नाहीत. पालक "१००%" या शब्दाकडे वळतात, कारण पूर्ण जाहिरातीत धरून ठेवावा असा तेवढा एकच आकडा असतो. त्यांना खरे आकडे दिले की त्या शब्दाची गरज उरत नाही.

आधी क्रियापद बघा. आपल्याकडे चूक बहुतेक वेळा क्रियापदातच होते. आपण सहज म्हणतो, "दाखला काढून देतो", "लायसन्स काढून देतो". त्याच सवयीने "व्हिसा काढून देतो" आणि "अॅडमिशन मिळवून देतो" असं लिहिलं जातं. लिहिणाऱ्याच्या मनात फसवणूक नसते, पण "मिळवून देतो" म्हटलं की मिळणं गृहीतच धरलं जातं. पुढे बारीक अक्षरात काहीही लिहा, वाचणाऱ्याच्या डोक्यात हेच राहतं. म्हणून प्रत्येक ओळ लिहिताना विचारा, हे काम कोणाच्या हातात आहे? तुमच्या हातात असेल तर "तपासतो", "भरायला मदत करतो", "यादी करून देतो", "मॉक इंटरव्ह्यू घेतो" अशी क्रियापदं वापरा. विद्यार्थ्याच्या हातात असेल तर वाक्य "तुम्ही" ने सुरू करा. विद्यापीठाच्या किंवा कॉन्सुलेटच्या हातात असेल तर त्यांचं नाव घ्या. "प्रवेशाचा निर्णय विद्यापीठ घेतं" हे वाक्य "अटी लागू" पेक्षा कितीतरी स्पष्ट आहे.

आता कॅप्शनच देतो. रिकाम्या जागा तुमच्या आकड्यांनी भरा. त्यानंतर ओळी अशा का आहेत ते सांगतो.

> जर्मनीत मास्टर्स : प्रवेशाची किंवा व्हिसाची हमी आम्ही देत नाही. कोर्सची निवड, अर्ज आणि व्हिसाची फाईल यात मदत करतो. प्रवेश विद्यापीठ ठरवतं, व्हिसा कॉन्सुलेट ठरवतं.
>
> आम्ही काय करतो : तुमच्या मार्कशीट आणि सिलॅबस पाहून जास्तीत जास्त ६ कोर्सची यादी, प्रत्येक कोर्स का निवडला याच्या लेखी कारणासह. एपीएस प्रमाणपत्राच्या कागदांची तपासणी. तुम्ही लिहिलेल्या एसओपीच्या, म्हणजे उद्देशपत्राच्या, तपासणीच्या दोन फेऱ्या, प्रत्येक फेरी ३ कामकाजाच्या दिवसांत. युनि-असिस्ट या अर्जांच्या पोर्टलवरचा अर्ज तुमच्यासमोर बसून. व्हिसाच्या कागदांची यादी आणि एक सराव मुलाखत.
>
> तुम्ही काय करायचं : एसओपी स्वतः लिहिणं. सगळी खाती स्वतःच्या ईमेलवर उघडणं, पासवर्ड स्वतःजवळ ठेवणं. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही.
>
> आमची फी : ₹____, जीएसटी धरून, दोन हप्त्यांत. ती काम केल्याची फी आहे, निकालाची नाही. नकार आला तरी झालेल्या टप्प्यांची फी परत होत नाही, न झालेल्या टप्प्यांची होते.
>
> आमच्या फीखेरीज तुम्ही थेट भरायचे पैसे : एपीएस ₹१८,०००. युनि-असिस्ट पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. व्हिसा फी ७५ युरो. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो : ही फी नाही, तुमच्याच राहण्या-जेवणाचे पैसे. (आकडे __/__/____ रोजी तपासले.)
>
> बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, पण सेमिस्टरचं शुल्क आणि राहण्याचा खर्च आहे. काही राज्यांत व काही विद्यापीठांत ट्यूशन फीही आहे.
>
> सरकारी विद्यापीठांकडून आम्हाला कमिशन मिळत नाही. खासगी विद्यापीठात प्रवेश घेतलात तर ____ कडून मिळतं, आणि तसा कोर्स सुचवताना आम्ही ते आधी सांगतो.
>
> पहिली ४० मिनिटांची भेट मोफत. येताना सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट आणि सिलॅबसची प्रत आणा.

पहिल्या परिच्छेदापासून बघू. इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं `more` च्या खाली जातं. म्हणून "हमी देत नाही" वरच आलं पाहिजे. सेवा वर आणि नकार खाली ढकलला तर बहुतेकांना फक्त सेवाच दिसते, आणि पुढे भांडण होतं तेव्हा "आम्ही लिहिलं होतं" एवढंच म्हणायला उरतं. कॅप्शनला एकूण २,२०० अक्षरांची मर्यादा आहे. वरचा मजकूर त्यात बसतो.

पोस्टरवर मोठ्या अक्षरात "व्हिसा पक्का" आणि कॅप्शनमध्ये खाली "हमी नाही" असं चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत डिस्क्लेमरचे नियम आहेत. डिस्क्लेमरने दावा स्पष्ट करावा, पण खोटा दावा दुरुस्त करण्यासाठी तो वापरता येत नाही. तो दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच फॉन्टमध्ये हवा. म्हणजे मराठी पोस्टरखाली इंग्रजीत बारीक ओळ टाकून सुटका नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं आणि पुन्हा तसंच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. डिझायनरला एक गोष्ट मुद्दाम सांगा : पासपोर्टवर उमटलेला हिरवा "अप्रूव्ह्ड" शिक्का, उडणारं विमान आणि हात उंचावलेला मुलगा असं तयार टेम्प्लेट सगळे वापरतात. तो शिक्का हासुद्धा दावाच आहे. त्याऐवजी टेबलावर पसरलेल्या मार्कशीट आणि सिलॅबसचा फोटो टाका. तुमचं काम तेच आहे.

प्रवेशाची हमी का देता येत नाही, हे पालकांना एका उदाहरणाने पटतं. समजा, मेकॅनिकलच्या एका मुलाचा सीजीपीए १० पैकी ७.४ आहे. जर्मन विद्यापीठं आपले गुण त्यांच्या पद्धतीत आणताना बहुतेक वेळा सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. त्यांच्याकडे १ सर्वात चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास. उत्तीर्ण होण्यासाठीचा किमान ग्रेड पॉइंट ४ धरला तर हिशेब असा येतो :

१ + ३ × (१० − ७.४) ÷ (१० − ४) = २.३

कोर्सची अट "२.५ किंवा त्याहून चांगला" असेल तर मुलगा बसतो. पण तपासणाऱ्याने किमान ५ धरला, तर खालचा भागाकार ५ ने होतो आणि उत्तर २.५६ येतं. मुलगा तोच, मार्कशीट तीच, पण आता तो अटीबाहेर. किमान किती धरायचं हे आपल्या हातात नाही. ते मार्कशीटच्या मागे छापलेल्या ग्रेडिंगच्या तक्त्यावर आणि तपासणाऱ्या संस्थेच्या पद्धतीवर ठरतं. म्हणूनच हा तक्ता अर्जासोबत स्पष्ट स्कॅन करून जोडायचा असतो, आणि तो राहून गेला तर नुकसान मुलाचं होतं. हा हिशेब पहिल्या भेटीत कागदावर करून दाखवा. दोन्ही उत्तरं दाखवा. समोरच्या माणसाला त्याच क्षणी कळतं की तुम्हाला विषय येतो आणि तुम्ही काही लपवत नाही.

गुणांपेक्षाही जास्त अर्ज विषयांवर अडतात. जर्मनीतले बरेचसे मास्टर्स कोर्स हे आधीच्या पदवीचा पुढचा भाग मानले जातात. गणिताचे इतके ईसीटीएस क्रेडिट, मेकॅनिक्सचे इतके, थर्मो इतके अशी अट कोर्सच्या नियमावलीत लिहिलेली असते. आयटीतून डेटा सायन्सला जाणाऱ्या मुलाला गणिताचे क्रेडिट कमी पडतात, प्रॉडक्शनच्या मुलाला मेकॅट्रॉनिक्ससाठी इलेक्ट्रॉनिक्सचे. ९ सीजीपीए असूनही नकार येतो तो असा. कॅप्शनमध्ये "सिलॅबसची प्रत आणा" ही ओळ त्यासाठीच आहे. जो सल्लागार सिलॅबस न मागता दहा विद्यापीठांची यादी देतो, त्याने नियमावली उघडलेली नाही असं समजा. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कोर्ससमोर "गणित मागितलेलं एवढं, मुलाकडे एवढं" अशी एक ओळ असली की तीच तुमची जाहिरात होते.

आता "मोफत". जर्मनीच्या जाहिरातीत हा शब्द सगळ्यात जास्त घसरतो. "जर्मनीत शिक्षण मोफत" हे अर्धं खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, हे खरं. पण दर सेमिस्टरला शंभर ते साडेतीनशे युरोंच्या आसपास शुल्क असतं, शहर आणि प्रवासपासानुसार. स्टुटगार्ट, कार्लस्रुह, हायडलबर्ग ज्या राज्यात येतात त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने, म्हणजे टीयूएमने, २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला बहुतेक कोर्समध्ये सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो फी सुरू केली. ही दोन्ही नावं आपल्या मुलांच्या यादीत हमखास असतात, कारण गाड्यांचे मोठे कारखाने याच भागांत आहेत. तेव्हा "मोफत" लिहून मुलाला बोलावायचं आणि त्याच्या पहिल्या पसंतीला फी आहे हे तिसऱ्या भेटीत सांगायचं, हे बरोबर नाही. २०२२ च्या तत्त्वांतही "मोफत" शब्दावर बंधन आहे : ग्राहकाला त्या गोष्टीसाठी पैसे मोजावे लागणार असतील तर ती मोफत म्हणता येत नाही. म्हणून कॅप्शनमध्ये "मोफत" एकदाच आहे, ४० मिनिटांच्या भेटीला. ती खरोखर मोफत ठेवा. तिसाव्या मिनिटाला रजिस्ट्रेशन फॉर्म पुढे सरकवायचा असेल तर ती ओळ काढून टाका.

ब्लॉक्ड अकाउंटची ओळ मुद्दाम लांब ठेवली आहे. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी बारा लाखांच्या घरात जातं. खेड्यातल्या घरात हा आकडा ऐकून दोन प्रकारचे गैरसमज होतात. एक, ही कन्सल्टन्सीची किंवा विद्यापीठाची फी आहे. दुसरा, हे पैसे व्हिसापुरते दाखवून परत काढता येतात. दोन्ही चूक. खातं मुलाच्या नावावर असतं, मुलगा तिथे पोचल्यावर दरमहा ठरलेली रक्कम सुटते, आणि त्यात भाडं, जेवण, शिवाय दरमहा दीडशे युरोंच्या आसपास आरोग्य विमा भागवायचा असतो. म्युनिकसारख्या शहरात ९९२ युरो पुरत नाहीत, हेही सांगा. "फंडची सोय करतो" अशी ओळ अजिबात लिहू नका. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत काय कागद लागतात ते सांगणं ठीक, कुणाचे तरी पैसे चार दिवस खात्यावर फिरवणं हा गुन्ह्याकडे जाणारा रस्ता आहे आणि त्याची शिक्षा मुलाच्या पासपोर्टला मिळते.

एपीएसची ओळही अशीच नीट समजावून सांगावी लागते. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीय अर्जदारांना हे प्रमाणपत्र लागतं. दिल्लीतलं कार्यालय तुमची कागदपत्रं खरी आहेत का आणि पदवी जर्मनीत प्रवेशासाठी चालते का, हे तपासतं. ते प्रवेश देत नाही, व्हिसाही देत नाही. "एपीएस क्लिअर म्हणजे अर्धा व्हिसा झाला" असं मुलांच्या ग्रुपवर फिरत असतं. तुमच्या पेजवर ते दिसता कामा नये. आणि एपीएसला काही आठवडे लागतात, गर्दीच्या काळात जास्त. हिवाळी सत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असली तरी परदेशी अर्जदारांसाठी कित्येक कोर्स मार्च ते मे मध्येच बंद होतात. त्यामुळे एप्रिलमध्ये आलेल्या मुलाला "होऊन जाईल" म्हणणं म्हणजे त्याचे १८,००० रुपये आणि एक वर्ष पणाला लावणं. त्याला पुढच्या सत्राचं वेळापत्रक द्या.

व्हिसाच्या बाबतीत एक बदल अजून बऱ्याच जाहिरातींत उतरलेला नाही. पूर्वी नकार आला तर त्याच कार्यालयाकडे फेरविचाराचा लेखी अर्ज करता यायचा. जर्मन परराष्ट्र खात्याने १ जुलै २०२५ पासून ती सोय जगभर बंद केली. आता दोनच मार्ग उरले : कारण दुरुस्त करून नवा अर्ज, किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद. म्हणून "रिजेक्ट झाला तरी अपील करून काढून देतो" ही जुनी ओळ जिथे असेल तिथून खोडा. तिच्या जागी नकारानंतर तुम्ही काय कराल ते लिहा, आणि करारातही लिहा : नकारपत्रातलं कारण मराठीत समजावून सांगू, नवा अर्ज करण्यासारखा आहे का हे लेखी कळवू, दुसऱ्या फाईलची फी इतकी किंवा शून्य. आणखी एक : व्हीएफएस हे व्हिसा अर्ज स्वीकारणारं केंद्र फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतं, निर्णय तिथे होत नाही. "आमची व्हीएफएसमध्ये ओळख आहे" असं कुणी म्हणत असेल तर त्या ओळखीचा निर्णयाशी संबंध नाही. वेळेचीही हमी देऊ नका. प्रवेश मिळाला, कागद पूर्ण आहेत, पण अपॉइंटमेंट उशिरा मिळाली आणि विद्यापीठात नाव नोंदवायची तारीख उलटली, असंही होतं. कोणाचीच चूक नसताना सत्र जातं.

बरेच जण विचारतात, सक्सेस रेट लिहू का? लिहायचा असेल तर पूर्ण साखळी लिहा. समजा, वर्षभरात ४० मुलांनी नाव नोंदवलं. ३१ जणांचं एपीएस झालं, २६ जणांनी अर्ज केले, १९ जणांना निदान एका ठिकाणी प्रवेश मिळाला, १७ जणांनी व्हिसाला अर्ज केला आणि १६ जणांना तो मिळाला. आता १७ पैकी १६ म्हणजे ९४ टक्के. ४० पैकी १६ म्हणजे ४० टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, पण पोस्टरवर फक्त पहिला छापला तर फी भरणाऱ्या बापाला वाटतं की आपल्या मुलाची शक्यता ९४ टक्के आहे. त्याचा मुलगा मात्र चाळिसातला आहे. मला विचाराल तर टक्केवारी काढूनच टाका आणि ही साखळी जशीच्या तशी, कोणतं सत्र ते लिहून, वेगळ्या पोस्टमध्ये द्या. मधल्या गळतीची कारणंही लिहा : कुणी जर्मन भाषेची पातळी गाठू शकलं नाही, कुणाचं कर्ज झालं नाही, कुणी नोकरी धरली. ती पोस्ट पालक दोनदा वाचतात.

मुलांचे फोटो टाकताना लेखी परवानगी घ्या, आणि ती निकालानंतर घ्या, नोंदणीच्या फॉर्ममध्ये आधीच टिक करून घेतलेली नको. व्हिसाच्या पानाचा फोटो तर टाकूच नका. त्यावर पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, सगळं असतं आणि अर्धवट ब्लर केलेलं वाचता येतं. फोटोखाली त्या मुलाने तुमच्याकडून नेमकी कोणती सेवा घेतली ते लिहा. ज्याने फक्त व्हिसाची फाईल तपासून घेतली, त्याचा प्रवेश तुमच्या खात्यावर लावू नका. तुम्ही जर्मन भाषेचे किंवा आयईएलटीएसचे वर्गही घेत असाल तर त्या वर्गांच्या जाहिरातीला नोव्हेंबर २०२४ ची कोचिंग क्षेत्राची वेगळी तत्त्वंही लागू होतात. त्यांत काउन्सेलिंग वगळलेलं आहे, पण वर्ग वगळलेले नाहीत, म्हणून दोन्ही सेवा एकाच पोस्टरवर मिसळू नका.

कमिशनची ओळ लिहायला हात कचरतो, पण ती राहू द्या. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं सहसा एजंटला काही देत नाहीत, खासगी विद्यापीठं देतात. म्हणूनच सरकारी विद्यापीठात सहज बसणाऱ्या मुलालाही वर्षाला दहा-बारा हजार युरो फीच्या खासगी कोर्सला ढकलण्याचा मोह या धंद्यात आहे. पालकांना हे आज ना उद्या कळतं. तुम्ही आधीच सांगितलं असेल तर खासगी कोर्स सुचवण्यामागचं खरं कारण, म्हणजे क्रेडिट कमी आहेत किंवा मुदत संपली आहे, त्यांना पटतं. त्याच न्यायाने "अधिकृत" हा शब्द फक्त लेखी करार असलेल्या विद्यापीठाच्या नावासोबत वापरा. जर्मन दूतावासाची मान्यता, एपीएसची मान्यता असलं काही खासगी सल्लागाराला मिळत नाही. त्यांचे लोगो पोस्टरवर लावू नका.

ईमेल आणि पासवर्डची ओळ छोटी आहे, पण माझ्या मते पूर्ण कॅप्शनमधली सगळ्यात मोलाची. अनेक ठिकाणी अर्ज कन्सल्टन्सीच्या ईमेलवरून भरले जातात. मग विद्यापीठाने मागितलेला एखादा कागद, आलेला नकार, कधी कधी आलेला प्रवेशही मुलाला उशिरा कळतो किंवा कळतच नाही. फी थकली म्हणून लॉगिन अडवून ठेवणारेही आहेत. मुलाच्या ईमेलवर खातं असलं की तुम्ही खरंच सहा अर्ज केले की चार, हे त्याला स्वतः बघता येतं. सहा अर्जांचे युनि-असिस्टचे पैसे ७५ आणि पाच वेळा ३०, म्हणजे २२५ युरो. ते त्याच्या कार्डवरून थेट जातात, पावती त्याच्याकडे येते. एसओपीचंही तसंच. "लिहून देतो" म्हणू नका. काही विद्यापीठं मजकूर स्वतःचाच असल्याचं लेखी घेतात, आणि मुलाखतीत मुलाला स्वतःच्याच एसओपीतला प्रकल्प सांगता आला नाही की तिथेच कळतं. तुम्ही समासात प्रश्न लिहा : हा प्रोजेक्ट कोणत्या सेमिस्टरला केलास, यात तुझं काम नेमकं कोणतं, हाच कोर्स का? उत्तरं त्याला लिहू द्या.

आणि कॅप्शन कितीही चोख असलं तरी ते रिसेप्शनवर मोडतं. कमेंटमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवर हमखास विचारणा येते, "सर, व्हिसा नक्की होईल ना?" आणि फोनवरचा मुलगा म्हणतो, "हो हो, टेन्शन घेऊ नका." ग्राहक कायद्यात तोंडी सांगितलेलंही लेखी विधानाइतकंच धरलं जातं. म्हणून उत्तर आधीच लिहून प्रत्येक कर्मचाऱ्याला द्या, रिसेप्शनच्या फोनशेजारी चिकटवा :

> "व्हिसा कॉन्सुलेट देतं, त्यामुळे नक्की असं मी म्हणू शकत नाही. तुमची फाईल कुठे कमी पडते ते आम्ही कागद बघून सांगू. मार्कशीट, सिलॅबस आणि ग्रेडिंगचा तक्ता घेऊन या. बसत नसेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगतो, त्याचे पैसे नाहीत."

आकडे मात्र दर सत्राच्या सुरुवातीला पुन्हा तपासा. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम, एपीएसची फी, विद्यापीठांची शुल्कं बदलत राहतात. बदल झाला की जुनी पोस्ट एडिट करून कंसातली तारीखही बदला, आणि पिन करून ठेवलेल्या जुन्या रील्सकडे आधी बघा, कारण मुलं शोधत येतात ती बहुतेक तिथूनच.